चाराचे सात झाले, मग सहाचे किती?

५० ग्रॅम पिठात ३० ग्रॅम पाणी घातलं की गोळा नीट मळला जातो. मग ८० ग्रॅम पिठात पाणी किती घालायचं?

अकरा-बारा वर्षांच्या मुलांच्या वर्गात हा प्रश्न फळ्यावर लिहिला, तर अनेक वह्यांत ‘६०’ हे उत्तर सापडतं. कारण विचारलं की मुलं शांतपणे सांगतात, पीठ ३० नं वाढलं, म्हणून पाणीही ३० नं वाढवलं. या उत्तरात बेरीज चुकलेली नाही, आकडा चुकीचा वाचलेला नाही, आळसही केलेला नाही. दोन राशींमध्ये काहीतरी संबंध आहे आणि तो टिकवायचा आहे, हे मुलानं बरोबर ओळखलं आहे. फक्त टिकवायचं ते गुणोत्तर, आणि त्यानं टिकवली आहे वजाबाकी. याला बेरजेचा विचार म्हणू. सातत्यानं, नियमानं केलेली ही चूक आहे, म्हणूनच ती लाल शाईच्या फुलीनं जात नाही. फुली मारून शेजारी ४८ लिहिलं की मुलाला उत्तर कळतं, पण आपला नियम का मोडला हे कळत नाही. पुढच्या प्रश्नाला तो नियम पुन्हा तयारच असतो.

गुणोत्तर-प्रमाणाचा पहिला पाठ तिरकस गुणाकारानं सुरू करू नये, असं आमचं स्पष्ट म्हणणं आहे. तो पाठ असा रचावा की बेरजेचा विचार ज्याच्या मनात आहे त्याच्याकडून तो कागदावर उतरेल, आणि मग त्याच्या स्वतःच्या हातात फसेल. पाककृती आणि नकाशा ही दोन्ही साधनं यासाठी उत्तम आहेत. पाठ्यपुस्तकांत ती असतातही, पण बहुधा शोभेला. कारण त्यांत निवडलेले आकडे ही चूक बाहेर येऊच देत नाहीत.

ही चूक काही आज सापडलेली नाही. रॉबर्ट कार्प्लस हे अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ नंतर विज्ञानशिक्षणाकडे वळले. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांना विचारलेला एक प्रश्न या क्षेत्रात सर्वांच्या ओळखीचा आहे. एका बुटक्या माणसाचं चित्र ४ बटणं उंच आहे, आणि कागदाला लावायच्या क्लिपांनी मोजलं तर ६ क्लिपा. उंच माणसाचं चित्र ६ बटणं उंच आहे, तर क्लिपा किती? उत्तर ९. पण ‘दोन बटणं जास्त, म्हणून दोन क्लिपा जास्त’ असं म्हणत ८ सांगणारी मुलं त्यांना पुन्हा पुन्हा भेटली. पुढे ब्रिटनमध्ये कॅथलीन हार्ट यांनी माध्यमिक शाळेतल्या मुलांना आठ माणसांच्या सूपच्या पाककृतीवरून चार आणि सहा माणसांचं प्रमाण काढायला दिलं. मुलं चारासाठी निम्मं करत, आणि सहासाठी निम्मं अधिक निम्म्याचं निम्मं. उत्तर बरोबर येई, पण गुणाकार कुठेच लागत नसे. पाककृतीचा प्रश्न रचणाऱ्यानं ही गोष्ट फार नीट लक्षात ठेवायला हवी.

कारण नेहमीचे प्रश्न इथेच फसतात. दोघांसाठी अमुक, तर चौघांसाठी किती? इथे प्रत्येक मूल दुप्पट करतं, बेरजेचा विचार करणारंही. दुप्पट आणि निमपट ही मुलांना शाळेत येण्याआधीपासून माहीत असलेली कृती आहे, तिच्यावरून गुणोत्तराची समज ओळखता येत नाही. तिप्पट-चौपटीचंही थोडंफार तसंच. पट पूर्णांकात निघत नाही तिथेच बेरजेचा विचार उफाळून येतो. म्हणून पहिली अट अशी की नवी राशी जुन्या राशीच्या पूर्ण पटीत नसावी. ५० चे ८० चालतील, ५० चे १०० नाही.

दुसरी अट जरा सूक्ष्म आहे. खरं उत्तर अपूर्णांकात येत असेल, तर काही मुलं अपूर्णांकाला घाबरून बेरजेकडे पळतात. त्यांना एरवी पटीची समज असते. अशा मुलात आणि मुळातच बेरजेनं विचार करणाऱ्या मुलात फरक करता यायचा, तर निदान पहिल्या प्रश्नात खरं उत्तर पूर्णांकात हवं. ५० ला ३०, तर ८० ला ४८. पट १.६ आहे, तरी उत्तर पूर्ण आहे. आणि बेरजेचं उत्तरही दिसायला सरळ हवं, म्हणजे तो सापळा खरोखर लागतो. ६० हे तसं आहे.

आता पिठाचा पाठ प्रत्यक्ष कसा घ्यायचा ते पाहू.

साहित्य थोडं आहे. मैदा, पाणी, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा, चार-पाच वाडगे. मैदा अशासाठी, की कोंड्यासकट दळलेलं पीठ जास्त पाणी शोषतं आणि मग फरक बोटांना तितका जाणवत नाही. सगळं वजनावर मोजायचं, पाणीसुद्धा. वाटीनं मोजलं की पीठ दाबून भरलं की मोकळं यावरच वाद होतो आणि मुद्दा निसटतो. वाडगा काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणायला विसरू नये.

सुरुवातीला शिक्षकांनी ५० ग्रॅम मैदा आणि ३० ग्रॅम पाणी घेऊन गोळा मळून दाखवावा. हा नमुना प्रत्येकानं बोटांनी दाबून पाहावा, कारण पुढे सगळी तुलना याच्याशी आहे. मग प्रश्न द्यायचा, ८० ग्रॅम मैद्याला पाणी किती आणि ३० ग्रॅम मैद्याला किती. प्रत्येक मुलानं उत्तर एकट्यानं लिहायचं आणि खाली एका ओळीत ‘कसं काढलं’ ते लिहायचं. कागद गोळा होईपर्यंत चर्चा नाही. ही पायरी गाळली तर पाठच वाया जातो. आधी गटात बोलू दिलं की हुशार समजल्या जाणाऱ्या मुलाचं उत्तर सगळे उतरवतात. मग कोणाच्या डोक्यात काय होतं हे कोणालाच कळत नाही, खुद्द त्या मुलालाही नाही.

मग करून पाहायचं. ३० ग्रॅम मैद्याला बेरजेचा नियम (इथे तो वजाबाकीचा होतो) १० ग्रॅम पाणी सांगतो. पटीचा नियम १८ सांगतो. १० ग्रॅमवाल्या वाडग्यात गोळा होतच नाही, कोरडा भुगा राहतो. ८० ग्रॅमला ६० घातलेल्या वाडग्यात पीठ बोटांना चिकटून ओढलं जातं, ४८ घातलेला गोळा मात्र नमुन्यासारखाच लागतो. पाणी एकदम घालायचं, ‘लागेल तसं’ नाही. सरावाचा हात पिठाकडे पाहून पाणी कमीजास्त करतो आणि चूक आपोआप दुरुस्त करून टाकतो. स्वयंपाकघरात हा गुण आहे, या पाठात अडथळा.

दोन दिशांपैकी एकच घेण्याइतका वेळ असेल, तर कमी करण्याची दिशा घ्यावी. पीठ वाढवताना बेरजेचा नियम गोळा फक्त सैल करतो, आणि ‘सैल पण चालेल’ असं मूल म्हणू शकतं. कमी करताना तो नियम सरळ अशक्य गोष्टी सांगू लागतो. २० ग्रॅम मैद्याला किती पाणी? ३० मधून ३० गेले, शून्य. १० ग्रॅमला? शून्याच्याही खाली. इथे बहुतेक मुलं हातातलं पेन ठेवतात. आपल्याच नियमानं आपल्याला कोरडं पीठ मळायला सांगितलं, हे त्यांना कोणी सांगावं लागत नाही. उलट टोकही कागदावर एकदा काढून बघावं. ५०० ग्रॅम मैद्याला बेरजेचा नियम ४८० ग्रॅम पाणी सांगतो, म्हणजे जवळजवळ पिठाइतकंच. हा गोळा नव्हे, वाहणारी लापशी होईल.

तरी नियम फसला हे दिसणं आणि तो का फसला हे कळणं, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. दुसरी गोष्ट घडवून आणणारी एक साधी कृती आहे, आणि या सगळ्या पाठात आम्हांला ती सर्वांत मोलाची वाटते. ८० ग्रॅमचा गोळा एकत्र करायचाच नाही. जुना ५० ला ३० चा गोळा तसाच बाजूला ठेवायचा. नव्यानं आलेल्या ३० ग्रॅम मैद्यात, मुलानं वाढवलेलं ३० ग्रॅम पाणी वेगळ्या वाडग्यात घालायचं. काय होतं? सरसरीत चिकट खळ होते. म्हणजे बेरजेचा नियम वापरणारं मूल पहिल्या गोळ्यात दुसरा गोळा मिसळत नव्हतं, खळ मिसळत होतं. जास्तीच्या पिठालाही पहिल्या पिठाइतकंच पाणी ‘त्याच्या हिश्शानं’ मिळायला हवं, हे इथे बोलून न दाखवता दिसतं. ३० ग्रॅमला हिस्सा १८ चा. जुने ३० आणि हे १८ मिळून ४८.

इथे बेरीज झालीच आहे, हे मुलांना मुद्दाम दाखवावं. बेरीज हा गुन्हा नाही. ५ ला ३ अशी जोडी धरली, तर ५ आणि ३, १० आणि ६, १५ आणि ९ असं जोडीनं वाढवत जाता येतं. ८० मध्ये अशा १६ जोड्या बसतात आणि १६ वेळा ३ म्हणजे ४८. बेरजेच्या विचारातून पटीच्या विचाराकडे जाणारी वाट हीच आहे. दोन्हीकडे सारखा आकडा वाढवायचा नाही, जोडी अख्खी वाढवायची. जे मूल कालपर्यंत ६० म्हणत होतं, त्याला ही वाट लगेच समजते, कारण त्यातलं अर्धं त्याचं स्वतःचं आहे.

पण पाककृती एकटी पुरत नाही, आणि तिच्यावर थांबणाऱ्या पाठाशी आमचा मतभेद आहे. पिठाचा गोळा बिघडला तर सबबी बऱ्याच निघतात. पीठच वेगळं होतं, नीट मळलं नाही, पाणी सांडलं. सरबत किंवा सूप घेतलं तर आणखीच अवघड, कारण गोड किती हे जिभेजिभेनं बदलतं. शिवाय पाककृतीतलं सगळंच प्रमाणात वाढत नाही. तीन पट बटाटे उकडायला तीन पट वेळ लागत नाही. सबब निघणार नाही असं दुसरं काही लागतं, आणि ते नकाशात मिळतं.

मात्र नेहमीचा नकाशाचा प्रश्न इथे काही कामाचा नाही. ‘१ सेंटिमीटर म्हणजे ५ किलोमीटर, तर ३ सेंटिमीटर म्हणजे किती?’ यात बेरजेचा विचार डोकंच वर काढत नाही. सेंटिमीटर आणि किलोमीटर यांची वजाबाकी करावी असं कोणालाच वाटत नाही, आणि एकाची किंमत आयती दिलेली असते. पाढा आला की उत्तर आलं. अशी वीस उदाहरणं सोडवून घेतली तरी ज्या मुलात ही चूक आहे ते ओळखू येणार नाही. चूक बाहेर यायची तर दोन्हीकडे एकच एकक हवं, म्हणजे एक नकाशा आणि त्याचाच मोठा केलेला नकाशा, दोन्ही सेंटिमीटरमध्ये.

फ्रान्समधले गणितशिक्षणाचे अभ्यासक गी ब्रुसो यांनी याचा गाभा एका कोड्यात पकडला होता. तुकड्यांचं एक कोडं मुलांना द्यायचं आणि ४ सेंटिमीटरची बाजू ७ सेंटिमीटर होईल असं ते मोठं करायला सांगायचं, पण प्रत्येक मुलानं एकच तुकडा करायचा. मुलं प्रत्येक बाजूत ३ मिळवतात आणि तुकडे जुळत नाहीत. हीच कल्पना नकाशावर अशी वापरता येते.

१० सेंटिमीटर रुंद आणि ८ सेंटिमीटर उंच असा एक साधा नकाशा काढा. नदी, पूल, टेकडी, दोन रस्ते एवढं पुरे. त्याचे आडवे दोन पट्टे करा, प्रत्येकी ४ सेंटिमीटर उंचीचे. वरच्या पट्ट्याचे दोन तुकडे, रुंदी ४ आणि ६. खालच्या पट्ट्याचे तीन तुकडे, रुंदी २, ६ आणि २. एका गटात पाच मुलं, प्रत्येकाला एक तुकडा. सूचना एकच, ‘४ सेंटिमीटरची बाजू नव्या नकाशात ७ सेंटिमीटर झाली पाहिजे.’ मोठा नकाशा १७.५ बाय १४ सेंटिमीटर होतो, तो नेहमीच्या कागदावर मावतो. तुकडे कापायला देण्याआधी प्रत्येक मुलाकडून लिहून घ्यायचं, ६ चे किती आणि २ चे किती. हे लिहून घेणं इथे जास्तच गरजेचं आहे. चार बाय चारचा तुकडा ज्याच्याकडे जाईल, त्याचं उत्तर सात बाय सात असं बरोबरच येणार, आणि तो कसा विचार करतो हे तुकड्यावरून कधीच कळणार नाही.

मग गटानं तुकडे जुळवायचे. सगळ्यांनी ३ मिळवले असतील तर वरचा पट्टा ७ आणि ९ मिळून १६ सेंटिमीटर होतो. खालचा ५, ९ आणि ५ मिळून १९. एकाच नकाशाच्या दोन पट्ट्यांत ३ सेंटिमीटरचा फरक पडतो. मूळ नकाशात दोन्ही पट्टे १० सेंटिमीटरचे होते, हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

तुकडे विटांच्या बांधकामासारखे, वर दोन आणि खाली तीन असेच का कापायचे, हे नीट समजून घ्यायला हवं. तुकडे वर दोन आणि खाली दोन असे चौकोनी जाळीत कापले, तर बेरजेची चूक झाकली जाते. वर ४ आणि ६ चे ७ आणि ९, खालीही ७ आणि ९. दोन्ही पट्टे १६ चे, काटेकोर जुळतात, आणि वर्ग चुकीचा नकाशा हातात घेऊन आनंदानं टाळ्या वाजवतो. तुकड्यांची संख्या वरखाली वेगळी असली तरच मिळवलेले ३ वेगवेगळ्या वेळा मोजले जातात आणि बिंग फुटतं. हा पाठ फसतो तो बहुधा याच कारणानं.

आणखी एक खाच आहे. गटात एखाद्यानं पटीनं काढलं आणि बाकीच्यांनी बेरजेनं, तर कधी चुका एकमेकींना खाऊन टाकतात. खालच्या पट्ट्यात ३.५, ९ आणि ५ असे तुकडे आले तर बेरीज नेमकी १७.५ भरते, म्हणजे बरोबर. म्हणून वरच्या पट्ट्यातून खालच्या पट्ट्यात सरळ उतरणारा एक रस्ता नकाशात असू द्यावा. रुंदी योगायोगानं जुळली तरी रस्ता जोडावर तुटतो.

फरक दिसला की मुलांची पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते. कात्री वाकडी गेली, तू नीट मोजलं नाहीस. हे होऊ द्यावं. शिक्षकांनी ‘बेरीज करायची नसते’ असं इथे म्हणून टाकलं तर सगळी मेहनत फुकट. त्याऐवजी प्रत्येक तुकडा पट्टीनं पुन्हा मोजायला लावायचा. ७ आहे, ९ आहे, ५ आहे. कापणं बिनचूक, तरी तीन सेंटिमीटरचा फरक. कात्रीचा दोष मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा असतो. आता संशय नियमावरच येतो, आणि तो मुलांनी स्वतःच घेतलेला असतो. पिठापेक्षा नकाशा वरचढ ठरतो तो इथे. पीठ ‘बहुतेक’ चुकतं, पट्टी नक्की सांगते.

कागद मोठे करताना चौकटीची पद्धत, म्हणजे लहान चौकटींतलं चित्र मोठ्या चौकटींत उतरवणं, या पाठात देऊ नये. पद्धत उत्तम आहे, पण तीत गुणाकार चौकट करते, मूल नाही.

मग का फसलं याचा शोध. मूळ नकाशात १ सेंटिमीटर म्हणजे १ किलोमीटर होता असं धरू. नव्या नकाशात ४ किलोमीटर ७ सेंटिमीटरवर पसरले, म्हणजे एका किलोमीटरला १.७५ सेंटिमीटर. ६ किलोमीटर ९ सेंटिमीटरवर, म्हणजे १.५. आणि २ किलोमीटर ५ सेंटिमीटरवर, म्हणजे तब्बल २.५. एकाच नकाशात तीन प्रमाणं झाली. मुलांना या नकाशाच्या कोपऱ्यात रेषाप्रमाण काढायला सांगा. कोणती लांबी काढणार? प्रत्येक तुकड्याला वेगळी पट्टी लागते, आणि ज्याला एक पट्टी लागू पडत नाही तो नकाशा कोणाला रस्ता दाखवू शकत नाही. शून्याचा प्रश्नही इथे विचारावा. मूळ नकाशात पूल आणि नदीकाठची चौकी एकाच बिंदूवर आहेत, अंतर शून्य. बेरजेच्या नियमानं नव्या नकाशात ती दोन्ही एकमेकांपासून ३ सेंटिमीटरवर जातील. पिठाच्या वाडग्यात जे शून्य पाणी आलं होतं, त्याचीच ही दुसरी बाजू. पटीत शून्याचे शून्यच राहतात, बेरजेत नाही.

बरोबर नकाशासाठी प्रत्येक सेंटिमीटरचे १.७५ व्हायला हवेत. मराठीत यासाठी ‘पावणेदोनपट’ हा नेमका शब्द आहे, आणि तो वर्गात वापरावा असं आम्ही आग्रहानं म्हणतो. दीडपट, सव्वापट, अडीचपट, पावणेदोनपट हे शब्द अपूर्णांकी पट एका श्वासात सांगतात. ‘तीननं जास्त’ आणि ‘पावणेदोनपट’ ही दोन वाक्यं शेजारी शेजारी फळ्यावर लिहिली, की मुलांना आपण कोणतं म्हणत होतो ते ओळखता येतं. ४ चे पावणेदोनपट ७, ६ चे १०.५, २ चे ३.५. वरचा पट्टा १७.५, खालचाही १७.५.

यावर शिक्षकांकडून आक्षेप येतात, आणि ते खोटे नाहीत. पहिला वेळेचा. पिठाला एक तासिका, नकाशाला एक किंवा दीड, एवढ्यात तिरकस गुणाकाराची तीस उदाहरणं होतात. खरं आहे. पण त्या तीस उदाहरणांत मूल शिकतं ते चार आकडे चौकटीत मांडून कोणते दोन गुणायचे हे. ४ : ७ :: ६ : ? अशी मांडणी आयती दिली तर ते १०.५ काढील. मांडणी न देता नकाशा दिला की तेच मूल ९ म्हणू शकतं. त्रैराशिकाची रीत वाईट नाही. ती कुठे लागू आहे हे ठरवणं मुलावर येतं, आणि रीत स्वतः ते ठरवून देत नाही. समज पक्की झाल्यावर रीत शिकवली तर ती अर्ध्या तासात येते.

दुसरा आक्षेप असा, की चुकीचं उत्तर मुद्दाम काढायला लावलं तर तेच पक्कं होईल. हे भय रास्त ठरतं एकाच परिस्थितीत. चूक बाहेर काढली आणि ती फसताना दाखवलीच नाही, तर. म्हणून तासिका संपत आली आणि तुकडे अजून जुळवलेले नाहीत, अशी वेळ येऊ देऊ नये. त्यापेक्षा नकाशा दुसऱ्या दिवशी सुरू करावा. आणि मुलांची उत्तरं फळ्यावर लिहिताना नावं लिहू नयेत. ‘६० म्हणणारा विचार’ आणि ‘४८ म्हणणारा विचार’ एवढंच. चूक विचाराची आहे, तिला मालक लागत नाही.

तिसरा धोका मात्र आक्षेप घेणाऱ्यांच्या ध्यानात सहसा येत नाही, आणि आमच्या मते तोच जास्त गंभीर आहे. पीठ आणि नकाशा या दोन्हीत बेरीज हरते आणि गुणाकार जिंकतो. त्यामुळे मुलं सहज असा निष्कर्ष काढतात, की तीन आकडे दिले आणि चौथा विचारला की गुणायचंच. ही उलटी चूकही तितकीच ठाम असते. म्हणून बेरीजच बरोबर ठरेल असा एक प्रश्न याच पाठात हवा. दोन मुली एकाच वेगानं मैदानाला फेऱ्या मारत आहेत, पण पहिली आधी निघाली. पहिलीच्या ८ फेऱ्या झाल्या तेव्हा दुसरीच्या २ झाल्या होत्या. दुसरीच्या ६ होतील तेव्हा पहिलीच्या किती? वेग सारखाच, म्हणून ६ फेऱ्यांचं अंतर तसंच राहतं. उत्तर १२. तिरकस गुणाकार २४ सांगतो. या प्रश्नात पहिलीच्या फेऱ्या दुसरीच्या किती पट हे दर फेरीला बदलतं. नकाशात ते बदलता कामा नये. काय टिकतं, फरक की पट, हा प्रश्न आकड्यांकडे पाहून सुटत नाही. पीठ, कागद आणि मैदान यांच्याकडे पाहून सुटतो.

पाठ झाल्यावर लगेच परीक्षा घेऊन काही कळत नाही, तेव्हा सगळ्यांनाच पट आठवत असते. दोनेक आठवडे जाऊ द्यावेत, मध्ये दुसरा धडा शिकवावा, आणि मग कोणतंही शीर्षक न देता तीन प्रश्न एका कागदावर द्यावेत. ५० ग्रॅम पिठाला ३० ग्रॅम पाणी, तर ३५ ग्रॅमला किती? एका नकाशात पूल ते स्टेशन ६ सेंटिमीटर आणि पूल ते टेकडी १० सेंटिमीटर, त्याच भागाच्या दुसऱ्या नकाशात पूल ते स्टेशन ९, तर पूल ते टेकडी किती? आणि फेऱ्यांचा प्रश्न, आकडे बदलून: पहिलीच्या ९ तेव्हा दुसरीच्या ३, दुसरीच्या ५ होतील तेव्हा पहिलीच्या किती?

उत्तरं सुटी सुटी तपासू नयेत, तिन्ही एकत्र वाचावीत. २१, १५, ११ लिहिणाऱ्या मुलाला फरक आणि पट यांतलं वेगळेपण कळलं आहे. १५, १३, ११ लिहिणारं मूल अजून बेरजेतच आहे. त्याला आणखी उदाहरणं देऊ नयेत, वाडग्याकडे परत न्यावं, आणि जास्तीच्या पिठाची ती वेगळी खळ त्याच्याच हातानं करवून घ्यावी. इथे पीठ कमी करायचं आहे म्हणून गोंधळत असेल, तर ५० ग्रॅमच्या गोळ्यातून १५ ग्रॅम पिठासोबत किती पाणी निघून जाईल, असं विचारावं. २१ आणि १३ असं मिश्र उत्तर आलं तर ते बहुधा नकाशात घसरलं आहे, त्याला विटांसारखे कापलेले तुकडे पुन्हा द्यावेत. आणि २१, १५, १५ लिहिणारं मूल प्रत्येक ठिकाणी गुणतं आहे. तिसरा प्रश्न कागदावर नसता, तर त्याला पूर्ण गुण मिळाले असते.